खरीप बियाणे बैठक: अध्यक्षांचा ईमेल आणि त्यावरून केलेलं कॅलेंडर निमंत्रण

अध्यक्षांचा ईमेल, शुक्रवार ८ मे २०२६

सर्व संचालक आणि गावोगावच्या गटप्रमुखांना राम राम.

बियाण्यावर बसून बोलायचं बऱ्याच दिवसांपासून राहून गेलंय. गेल्या सप्टेंबरात आपल्याकडं जो पाऊस झाला, त्यात किती जणांचं सोयाबीन पाण्यात उभं होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. त्यातलंच हाती लागलेलं काहींनी बियाण्यासाठी ठेवलंय. परवा एका सभासदाच्या घरी पोतं सोडून मूठभर दाणे हातावर घेतले, तर कितीतरी दाण्यांची सालपटं सुटलेली, काही काळपट. असं बी न तपासता मातीत टाकलं तर दुबार पेरणी ठरलेली. बियाणं, खत, मजुरी सगळं दोनदा, आणि तेही उशिरा.

म्हणून प्रत्येकानं उगवण तपासून यावं ही माझी हात जोडून विनंती आहे. पद्धत आपल्या वडिलांच्या काळापासूनची आहे, पण लगबगीत राहून जाते. पोती हलवताना आदळू नका, सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं.

बैठक आधी शनिवारी १६ तारखेला म्हटली होती, पण त्या दिवशी अमावास्या, आणि बरेच जण देवाला जातात. रविवारपासून अधिक महिना लागतो, लग्नं थांबतात, तेव्हा रविवारी १७ तारखेलाच घेऊ. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा स्थापना दिन १८ मेला असतो. त्या सुमाराला तिथं बियाणे विक्री असते, त्यामुळं कोण जाणार आणि किती पिशव्या आणायच्या हेही आदल्या रात्री ठरलेलं बरं. आपली बीबीएफ यंत्रं तीन आणि मागणारी गावं नऊ, मागच्या वर्षी यावरून जी धुसफूस झाली ती या वर्षी नको. हिशेबतपासणीचा विषय मात्र जूनच्या बैठकीत घेऊ. लातूरला राहणाऱ्यांनी ऑनलाइन आलं तरी चालेल, लिंक कार्यालयातून येईल.

आपला,
अध्यक्ष

कार्यालयाकडून अध्यक्षांना

काका, ईमेल फार जिव्हाळ्याचा आहे, तो सगळ्यांना गेलाच आहे. पण मोबाइलवर बैठकीच्या आधी दहा मिनिटं उघडणाऱ्याला तारीख आणि काम लगेच दिसायला हवं, म्हणून कॅलेंडरसाठी असा मजकूर केलाय. तारीख का बदलली ते काढलं. उगवणीची पद्धत तुमच्या ईमेलमध्ये नव्हती, ती मुद्दाम घातली, कारण ते काम घरी केल्याशिवाय बैठकीत बोलायला काहीच नसेल.

कॅलेंडर निमंत्रण

शीर्षक: खरीप बैठक: सोयाबीन बियाणे आणि बीबीएफ यंत्रं

रविवार, १७ मे २०२६, सायंकाळी ७:३० ते ८:४५
कंपनीचं गोदाम, औसा, किंवा ऑनलाइन

येण्याआधी: रविवारी १० मेला घरच्या बियाण्यातले न निवडता १०० दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. १७ मेच्या सकाळी नीट, निरोगी कोंब आलेले दाणे मोजा. आकडा कागदावर लिहून आणा. गटप्रमुखांनी आपल्या गावातल्या सभासदांचे आकडे एकत्र आणावेत.

विषय

१. गावनिहाय उगवण (३५ मिनिटं). ७० किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणं. त्याखाली असेल तर किती वाढवायचं आणि कुणाचं बियाणं बदलायचं, हे इथंच ठरवू.

२. परभणीहून बियाणे: एमएयूएस ६१२ किती पिशव्या, कोण जाणार, गाडी कुणाची. (१० मिनिटं)

३. तीन बीबीएफ यंत्रांची नऊ गावांची पाळी. पाळी ठरली तरी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय यंत्र गोदामाबाहेर जाणार नाही. (२० मिनिटं)

४. बीजप्रक्रिया: आधी बुरशीनाशक, मग जिवाणू खत. औषध एकत्र घ्यायचं का? (१० मिनिटं)

ऑनलाइन येणाऱ्यांसाठी

लिंक: `meet.google.com/xqv-mtrd-kpe`

७:२० पासून लिंक उघडी असेल. नावापुढं गाव लिहा. बोलायचं नसेल तेव्हा माइक बंद ठेवा, गोदामातला आवाज आधीच घुमतो. उगवणीचा आकडा आणि कोंबांचा फोटो रविवारी दुपारी ४ पर्यंत गटावर टाका. औशात लाईट गेली तर पाच मिनिटं थांबा, याच लिंकवर मोबाइलवरून परत सुरू करू.

येणं जमणार नसेल तर या निमंत्रणावर ‘नाही’ दाबा आणि आपल्या गावचे आकडे कुणाकडं दिलेत ते खाली लिहा.