'डोळकाडी' : कलम बांधणाऱ्यांचं तिमाही पत्रक

दापोली, खेड, मंडणगडच्या नर्सऱ्यांमध्ये कलमं बांधणाऱ्या सगळ्या ताई-दादांना नमस्कार.

बागायतदारांना वाचायला पुष्कळ आहे. मोहोर, तुडतुडे, कल्टार, पेटीचा भाव, सगळं छापून येतं. पण ते झाड भर पावसात शेडमध्ये बसून ज्याने बांधलं, त्याच्यासाठी लिहिलेलं पान मला 22 वर्षांत सापडलं नाही. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या दिवशी आमच्या शेडमध्ये नेहमीसारखीच पट्टी गुंडाळणं चालू होतं. म्हणून आपलं चार पानी पत्रक काढायचं मनात आहे.

पहिल्या अंकाचा मोठा लेख मर झालेल्या कलमांवर हवा. कोय कलमाचं रोप दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस असतानाच घ्यायचं, काडी तीन-चार महिन्यांची, रोपाच्याच जाडीची, डोळा फुगलेला, हे आपल्याला माहीत आहे. तरीही एकाच शेडमध्ये, एकाच झाडाच्या काड्यांवर एकीची शंभरातली नव्वद जगतात नि दुसरीची साठ. का? चाकूची धार, पाचरीचा उतार, काडी तोडल्यापासून बांधेपर्यंत गेलेला वेळ, की जोडात शिरलेलं पाणी? हे ज्याच्या हाताला कळतं त्यानेच सांगावं. त्यासाठी प्रत्येकाने या हंगामात वही ठेवायची: तारीख, काडी कुठल्या झाडाची, किती बांधली, महिन्याने किती फुटली. चार वह्या शेजारी ठेवल्या तरी बरंच उलगडेल.

दुसरं पान मातृवृक्षांचं. कुठल्या झाडाची काडी चांगली धरते, कुठल्या झाडाच्या फळात साका जास्त निघतो, हे जुन्या माणसांबरोबर जातंय. मला या पानाची सगळ्यात घाई आहे. माझे गुरू गेले तेव्हा त्यांच्या डोक्यातली पन्नासेक झाडं त्यांच्याबरोबर गेली.

काजूवाल्यांनाही जागा आहे. वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ची मृदुकाष्ठ कलमं बांधणारे आपलेच. शेवटच्या पानावर कलमामागे मजुरीचे दर, नर्सरीचं नाव न घालता. दर कळले तर बोलणं सोपं जाईल.

लिहिता येत नाही म्हणून कोणी मागे राहू नका. फोनवर बोलून पाठवा, माझी पुतणी उतरवून घेईल. तुमची बोली तशीच ठेवू, नाव मात्र तुमचंच छापू. पट्टी बांधणाऱ्या बायकांनी तर आवर्जून बोलावं. जोड घट्ट बसतो तो त्यांच्या हाताने.

कोयी रुजत घालायच्या आधी, मेअखेर अंक हातात पडला पाहिजे. शिमगा उरकून पालखी देवळात गेली, की त्यानंतरच्या रविवारी दुपारी तीनला आमच्या शेडमध्ये जमू. येताना आपापला चाकू आणा. पहिल्या पानावर त्यांचाच फोटो घालायचा आहे.