उदाहरण क्र. ७ (श्रीमती देशमुख) : उत्तर तपासल्यानंतरचा शेरा

प्रणाली,

तुझ्या उत्तराप्रमाणे श्रीमती देशमुखांना १२,२५० रुपये परतावा मिळतो. प्रत्यक्षात त्यांनाच ६,४९० रुपये भरायचे आहेत. फरक १८,७४० रुपयांचा. तो कुठून आला हे शेवटच्या रुपयापर्यंत लावून दाखवतो. लाल पेनाने नुसती फुली मारली असती तर तुला वाटलं असतं की बेरीज-वजाबाकी चुकली. तुझी बेरीज कुठेही चुकलेली नाही.

आधी उदाहरण पुन्हा समोर ठेव. आर्थिक वर्ष २०२४-२५, करनिर्धारण वर्ष २०२५-२६. वय ३८, नोकरी पुण्यात, भाड्याचं घर कोथरूडला. दरमहा मूळ वेतन ५०,०००, महागाई भत्ता १०,००० (निवृत्तिलाभांसाठी धरला जाणारा), घरभाडे भत्ता २०,०००. वर्षाचा बोनस ६०,०००. भाडं दरमहा १८,०००. प्रोफेशनल टॅक्स २,५००. बचत खात्याचं व्याज १४,२००, मुदत ठेवीचं ३८,६००. स्वतःचा पीएफ ८६,४००, विमा हप्ता २४,०००, पीपीएफ ५०,०००. आरोग्य विमा स्वतःच्या कुटुंबाचा १८,५०० आणि ६७ वर्षांच्या वडिलांचा ३२,०००, दोन्ही बँकेतून भरलेले. पगारातून टीडीएस ४१,०००. जुन्या पद्धतीने कर काढा आणि नवी पद्धत फायद्याची आहे का ते सांगा.

घरभाडे भत्ता. इथे दोन चुका आहेत, आणि त्यातली एकच उत्तरात दिसते. तू ५० टक्के धरलेस. २०२४-२५ साठी ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला होते. त्या वर्षी पुण्याला ४० टक्केच. वनाझहून मेट्रो धावते हे खरं, पण कलम १०(१३ए) साठी तिचा उपयोग नाही. या चुकीने तुझा आकडा बदलला नाही, कारण तीन रकमांतली सर्वांत लहान रक्कम घ्यायची असते आणि टक्केवारीची रक्कम इथे सर्वांत मोठी आहे. तरी गुण कापला आहे. पुढच्या उदाहरणात तीच रक्कम लहान निघाली तर?

दुसरी चूक महागात पडली. 'वेतन' म्हणून तू नुसतं मूळ वेतन घेतलंस. महागाई भत्ता निवृत्तिलाभांसाठी धरला जातो असं उदाहरणात स्पष्ट लिहिलंय, तेव्हा वेतन ७,२०,०००. शंका आली असती तर पीएफचा आकडा पाहायचा होता: ८६,४०० म्हणजे ७,२०,००० चे बरोबर १२ टक्के. तीन रकमा अशा: मिळालेला भत्ता २,४०,०००, वेतनाचे ४० टक्के २,८८,०००, भाडं २,१६,००० वजा वेतनाचे १० टक्के ७२,०००, म्हणजे १,४४,०००. सूट १,४४,०००. तू १,५६,००० दिलीस, १२,००० जास्त.

स्टँडर्ड डिडक्शन. ७५,००० ही रक्कम जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने आणली, पण फक्त नव्या पद्धतीसाठी. जुन्या पद्धतीत ५०,०००च. तुझ्याकडून २५,००० जास्त गेले. वर्गातल्या निम्म्या कागदांवर हीच चूक आहे, त्यामुळे तुला एकटीला बोलत नाही.

प्रोफेशनल टॅक्स आणि बचत खात्याचं व्याज. या दोन्हींत उत्पन्नाचा शेवटचा आकडा बिघडत नाही, जागा बिघडते. प्रोफेशनल टॅक्स तू ८०सी, ८०डी यांच्या रांगेत नेऊन बसवलास. तो कलम १६ खाली, पगाराच्या शीर्षातच वजा होतो. बचत खात्याच्या व्याजातून ८०टीटीएचे १०,००० आधीच काढून तू फक्त ४,२०० उत्पन्नात घेतलेस. आधी पूर्ण १४,२०० 'इतर स्रोत' मध्ये लिहायचे, मग ढोबळ एकूण उत्पन्न काढायचं आणि त्यानंतर वजावट घ्यायची.

तू म्हणशील, उत्तर तर तेच येतं. पण विवरणपत्र भरणं बंधनकारक आहे का, हे ठरवताना या वजावटींच्या आधीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेशी ताडून पाहतात. ज्याचं उत्पन्न त्या मर्यादेच्या काठावर आहे अशा माणसाचं व्याज तू असं आधीच कापलंस, तर विवरणपत्र भरायची गरज नाही असा चुकीचा सल्ला देऊन मोकळी होशील.

८०सी बरोबर. बेरीज १,६०,४०० आली आणि तू १,५०,००० वर थांबलीस. ८०डी मध्ये मात्र वडिलांचं वय वाचलं नाहीस. ६० वर्षांवरील पालकांसाठी मर्यादा ५०,००० आहे, म्हणून ३२,००० पूर्ण मिळतात. तू २५,००० वर कापलेस. उत्पन्नाच्या भागात ही एकच चूक करदात्याच्या विरुद्ध गेली आहे, ७,००० रुपयांनी.

बेरीज बघ: १२,००० अधिक २५,००० वजा ७,०००, म्हणजे ३०,०००. तुझं एकूण उत्पन्न ६,३५,८००, बरोबर उत्तर ६,६५,८००.

स्लॅब आणि त्यानंतरचा क्रम. जुन्या पद्धतीत तू स्लॅब छान लावलेस. अडीच लाखांपर्यंत शून्य, पाच लाखांपर्यंत ५ टक्के म्हणजे १२,५००, पुढच्या १,३५,८०० वर २० टक्के म्हणजे २७,१६०. एकूण ३९,६६०. इथपर्यंत एकही खूण नाही. मग पुढे '८७ए ची सूट १२,५००' लिहून वजा केलंस. का? समासात तू लिहिलंयस, 'पाच लाखांपर्यंतचा कर माफ'. माफी अशी पायरीपुरती नसते. जुन्या पद्धतीत एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तरच ती मिळते. ओलांडलं की काहीच नाही, पहिल्या पाच लाखांवरचा करही द्यावा लागतो. या उदाहरणातली सर्वांत महागडी ओळ हीच.

त्यातही तू आधी उपकर लावलास आणि मग सूट वजा केलीस. सूट मिळत असती तरी हा क्रम चुकला असता. ज्याचं उत्पन्न बरोबर ५,००,००० आहे तो घे. कर १२,५००, सूट १२,५००, शिल्लक शून्य, शून्यावर उपकर शून्य. तुझ्या क्रमाने: १२,५०० वर ४ टक्के ५००, बेरीज १३,०००, वजा १२,५००, आणि ज्याला एक पैसाही द्यायचा नाही त्याच्या माथी ५०० रुपये.

बरोबर आकडेमोड अशी:

ढोबळ पगार: १०,२०,०००
वजा घरभाडे भत्त्याची सूट: १,४४,०००
शिल्लक: ८,७६,०००
वजा स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २,५००
पगाराचं उत्पन्न: ८,२३,५००
इतर स्रोत (१४,२०० + ३८,६००): ५२,८००
ढोबळ एकूण उत्पन्न: ८,७६,३००
वजा ८०सी १,५०,०००, ८०डी ५०,५००, ८०टीटीए १०,०००
एकूण उत्पन्न: ६,६५,८००
कर (१२,५०० + ३३,१६०): ४५,६६०
८७ए: लागू नाही
उपकर ४ टक्के: १,८२६.४०
एकूण ४७,४८६.४०, दहाच्या पटीत ४७,४९०
वजा टीडीएस: ४१,०००
भरायचे: ६,४९०

आता सुरुवातीचे १८,७४० जुळव. उत्पन्न ३०,००० ने कमी दाखवलंस, त्यावर २० टक्के ६,००० आणि उपकर २४०. त्यात न मिळणारी सूट १२,५००. झाले १८,७४०. म्हणजे उत्पन्नाच्या भागातल्या सगळ्या चुकांची मिळून किंमत ६,२४०, आणि त्या एका ओळीची त्याच्या दुप्पट.

टीडीएस वजा जाता देय रक्कम दहा हजारांच्या आत आहे, म्हणून आगाऊ कराचा प्रश्न येत नाही. हे तू लिहिलं नव्हतंस, विचारलंही नव्हतं. माहीत असू दे.

नवी पद्धत. इथे गंमत आहे. उत्पन्न तू अचूक काढलंस: १०,२०,००० वजा ७५,०००, अधिक ५२,८००, म्हणजे ९,९७,८००. भाड्याची सूट नाही, प्रोफेशनल टॅक्स नाही, ८०सी नाही, सगळं बरोबर. व्याजही इथे पूर्ण घेतलंस. मग तीन लाख वजा करून उरलेल्या सगळ्या रकमेवर १० टक्के लावलेस आणि ६९,७८० आणलेस. जुन्या पद्धतीत स्लॅब पायरीपायरीने लावणारी मुलगी पानाच्या मागच्या बाजूला ते विसरते, याचं मला नवल वाटलं. तीन ते सात लाख ५ टक्के म्हणजे २०,०००. सात लाखांवरचे २,९७,८००, त्यावर १० टक्के म्हणजे २९,७८०. कर ४९,७८०, उपकर १,९९१.२०, देय ५१,७७०. नव्या पद्धतीतली सूट २०२४-२५ साठी सात लाखांपर्यंत, तीही इथे नाही. खाली पेन्सिलने तू विचारलंयस, 'बारा लाखांपर्यंत शून्य ना?' ते आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून. उदाहरणावरचं वर्ष आधी वाचत जा.

'जुनी पद्धत फायद्याची' हा तुझा निष्कर्ष बरोबर आहे, पण त्याचे गुण दिलेले नाहीत. तू फायदा ४३,८२० दाखवलास. खरा ४,२८० आहे. जुन्या पद्धतीतला कर कमी आणि नव्यातला जास्त काढल्यामुळे दोन्ही चुका एकाच बाजूला झुकल्या. ४३ हजारांचा फायदा ऐकून श्रीमती देशमुख डोळे मिटून जुनी पद्धत निवडतील. चार हजारांचा असेल तर भाड्याच्या पावत्या नीट आहेत का, हे आधी विचारायला हवं. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर आहे, म्हणजे कंपनीला घरमालकाचा पॅनही द्यावा लागतो. तो मालक देत नसेल तर सगळं गणित फिरेल. या उदाहरणात वजावटी २०,६०० ने कमी झाल्या की दोन्ही पद्धतींचा कर सारखा होतो, त्यापुढे नवी पद्धत स्वस्त.

गुण २० पैकी ९. आकडेमोडीचे पूर्ण दिले, क्रमाचे जवळजवळ सगळे गेले.

शनिवारी येताना दुरुस्त प्रत आण. जुनी आणि नवी पद्धत एकाच पानावर शेजारी शेजारी, प्रत्येक ओळीपुढे कलम लिहून. त्याखाली एवढं सोडव: भाडं १८,००० ऐवजी दरमहा १६,००० असतं, बाकी सगळं तेच, तर श्रीमती देशमुखांनी कोणती पद्धत घ्यावी? कर काढायला बसण्याआधी फक्त २०,६०० कडे बघून उत्तर सांग, आणि मग पूर्ण हिशेब करून ते बरोबर आहे का ते तपास.