फलकावर मॅडम, मंचावर नाना
(नेरूळच्या वाचनालयात रविवारच्या व्याख्यानाआधी करून दिलेली वक्त्यांची ओळख)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. डावीकडे अजून सात-आठ खुर्च्या रिकाम्या आहेत.

आधी एक गोष्ट सांगते, मग पुढे जाऊ. ज्यांना ऐकायला तुम्ही आलात, त्या मॅडम आज येऊ शकलेल्या नाहीत. काल रात्रीपासून त्यांना सणसणून ताप आहे. सकाळी पावणेआठला त्यांचा फोन आला, तेव्हा आवाज पुरता बसलेला होता. एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या, पाणी प्यायच्या. तशातही पुण्याहून निघायची त्यांची तयारी होती, पण डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. आम्ही नऊ वाजता ग्रुपवर निरोप टाकला, तरी तो सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही हे दारातच लक्षात आलं. पनवेलहून, डोंबिवलीहून खास मॅडमसाठी आलेली मंडळी समोर दिसताहेत. तुमची सगळ्यांची मनापासून माफी मागते. बरं वाटलं की येते, असं मॅडमनी सांगितलंय. तारीख ठरली की वाचनालयाच्या फळ्यावर लावू आणि या वेळी निरोप प्रत्येकाला मिळेल असं बघू.

आता आजच्या वक्त्यांबद्दल.

फोन ठेवण्याआधी मॅडम म्हणाल्या, "कार्यक्रम रद्द करू नका. दिवाळ्याला जा, नानांना विचारा. मी जे सांगणार होते त्यातलं अर्धं मला त्यांनीच शिकवलंय." मॅडमनी ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांची मोजणी दोन हिवाळे केली, ती नानांच्या होडीतून. कुठल्या चिखलावर कधी जायचं, होडी किती लांब थांबवायची म्हणजे थवा उठणार नाही, हे सगळं नाना ठरवायचे. मॅडम मोजायच्या, नाना वल्हं धरून बसायचे.

म्हणून आज दुपारी मी दिवाळे कोळीवाड्यात गेले. सव्वाबारा झाले असतील. नाना जेट्टीजवळ सावलीत जाळं सांधत बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवलेली, हातात सुई. मी सगळं सांगितलं. ते काही वेळ बोललेच नाहीत, गाठ पुरी केली, मग म्हणाले, "भाषण मला येत नाय. खाडीचं इचारा, तेवढं सांगतो." मी म्हटलं, नाना, आम्हाला तेवढंच हवंय.

मग त्यांनी मला विचारलं, "आज तिथी कुठली?" मला माहीत नव्हती. "द्वितीया. दोनाची पाऊणपट किती? दीड. दीड वाजता पाणी पूर्ण भरंल. तुम्ही जरा थांबा, आता पाखरं वरून जातील."

मी थांबले. पाणी जेट्टीच्या पायऱ्या एकेक करून गिळत होतं. समोरचा चिखलाचा पट्टा, जो मी आले तेव्हा दिसत होता, तो बघता बघता बुडाला. आणि एकच्या सुमाराला खाडीकडून पहिली ओळ आली. लांब माना, मागे सरळ ताणलेले पाय, पंखांच्या आतली ती लालभडक कड. मग दुसरी ओळ, तिसरी. सगळी आपल्या नेरूळच्या तळ्यांच्या दिशेने. मी या गावात एकवीस वर्षं राहते. दर हिवाळ्यात खिडकीतून हे थवे बघते आणि मुलांना दाखवते. पण ते त्याच वेळी का उडतात, हे मला आज कळलं. भरतीत चिखल बुडाला की त्यांचं ताट पाण्याखाली जातं. तोवर बसायला उथळ पाणी हवं, म्हणून ते तळ्यांवर येतात आणि ओहोटी लागली की परत खाडीत जातात. आपण ज्याला फक्त तळं समजतो, ती त्यांची दिवसातून दोनदा लागणारी विसाव्याची जागा आहे. ती जागा बुजवली, तर भरतीच्या वेळी त्यांनी जायचं कुठे? आपल्या वॉर्डात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून मुद्दाम बोलले.

ती तिथीची पाऊणपट कोळीवाड्यात लहान मुलांनाही येते. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की आपल्या किनाऱ्यावर भरतीची साधारण वेळ मिळते. खाडीत जितकं आत जाल, तितकं पाणी थोडं मागून चढतं. तो फरक किती, हे नाना जागेनुसार सांगतील.

नानांचं आडनाव, शिक्षण वगैरे मी वाचून दाखवणार नाही. अख्खा कोळीवाडा त्यांना नानाच म्हणतो आणि आपणही तेच म्हणूया. वडिलांच्या होडीवर ते दहा-अकरा वर्षांचे असताना चढले. सिडको १९७० साली स्थापन झाली, म्हणजे आपले सेक्टर, आपलं स्टेशन, पाम बीच रस्ता, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आहे. आपण ज्या जमिनीवर बसलोय तिच्या आसपास भरतीचं पाणी कुठवर यायचं, निवट्या कुठल्या चरात मिळायच्या, तिवरांची दाटी कुठे होती, हे त्यांना पाठ आहे. खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित अभयारण्य झाला, २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत गेली. हे आपण वर्तमानपत्रात वाचलं. त्या बदलांनंतर होडी कुठे जाते, जाळं कुठे लागतं, जाळ्यात मासळीबरोबर आपल्या घरातलं काय काय येतं, ते नाना रोज बघतात. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे आणि त्यातलं काही ऐकायला जड जाईल याची मला कल्पना आहे.

थोड्या सूचना. मागच्या फलकावर मॅडमचा फोटो तसाच ठेवलाय. तो झाकावा असं एकदा वाटलं होतं, पण नानाच म्हणाले, "राहू द्या, बाय आजारी हाय, पळाली नाय." मॅडमनी अंथरुणातून बारा छायाचित्रं पाठवली आहेत. ती एकेक करून पडद्यावर येतील आणि त्या त्या जागेबद्दल नाना बोलतील. छोटा रोहित आणि मोठा रोहित चोचीवरून कसे ओळखायचे, हे तिसऱ्या चित्रात आहे. प्रश्न शेवटपर्यंत राखून ठेवू नका. नानांना मध्ये विचारलेलं आवडतं, फक्त जरा मोठ्याने विचारा, होडीच्या इंजिनाने त्यांचा उजवा कान थोडा मंद झालाय.

पहिल्या रांगेत काकी बसल्या आहेत. आज दुपारी अर्धवट राहिलेलं जाळं त्यांनी पूर्ण केलं, म्हणून नाना वेळेत इथे पोहोचले. काकी, तुमचेही आभार.

सकाळी आठ वाजता आमच्याकडे वक्ता नव्हता. दुपारी एका माणसाने हातातलं काम खाली ठेवून हो म्हटलं, धुतलेला सदरा घातला आणि रिक्षाने इथे आला. मंडळी, नानांचं स्वागत जोरदार टाळ्यांनी करूया.

या नाना. माइक खाली घेऊन देते, तुम्ही बसूनच बोला.