चि. चिन्मयला, कोट्याच्या पत्त्यावर

लष्कर, ग्वाल्हेर
रविवार, रात्री

चि. चिन्मय,
अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर म्हणालास, "आई, मी रामरक्षा म्हणणं सोडलंय. प्रार्थनेवर माझा विश्वास राहिला नाही." तेवढ्यात मेसची वेळ झाली नि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून लिहायला बसले.

मी रागावलेले नाही. बॅचमधली सगळी मुलं त्याच सीटांसाठी हात जोडतात, मग देव कुणाचं ऐकणार, हा तुझा प्रश्न खरा आहे. आणि आजोबांचं तू बोलला नाहीस, तरी मला कळलं. त्यांचं डायलिसिस चालू होतं तेव्हा शाळेतून आलास की दप्तर टाकून त्यांच्या उशाशी बसायचास आणि बोटांच्या पेरांवर मोजत अथर्वशीर्षाची आवर्तनं करायचास. तरी ते गेले. किडन्या पार निकामी झाल्या होत्या, हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. मग तू म्हटलेलं कुठे गेलं? याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि काहीतरी सांगून तुझी समजूत घालायची नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगते. शेवटी त्यांचं बोलणं बंद झालं होतं, पण तू म्हणायला लागलास की त्यांची बोटं चादरीवर ताल धरायची. एखादी ओळ गाळलीस की थांबायची.

मी रोज काय करते तेही सांगते, कधी बोलले नाही. सकाळी कणीक तिंबताना माझी रामरक्षा चालू असते. त्यातलं कवच तुला पाठच आहे. डोक्यापासून सुरू होतं, मग कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, असं करत पावलांपर्यंत येतं. तू कोट्याला गेल्यापासून ते म्हणताना माझ्यासमोर तूच असतोस. डोळ्यांशी आले की वाटतं, चष्म्याचा नंबर वाढला असेल का. खांद्यांशी तुझी ती जड बॅग. गुडघ्याशी क्रिकेटमध्ये पडलास तिथला व्रण. पावलांपर्यंत येते तोवर कणीक झालेली असते आणि मी तुला अख्खा पाहून घेतलेला असतो. यानं तुझा ताप उतरणार नाही की रँक वाढणार नाही, एवढं मलाही कळतं. पण हे मी सोडणार नाही, आणि त्यासाठी तुझा विश्वास असायला हवा असंही नाही.

दहावीच्या सुट्टीत किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात गेलो होतो ते आठवतं? 876 सालचा तो शिलालेख, ज्यातलं शून्य पाहायला जगभरचे गणितवाले येतात. तू फोटोवर फोटो काढत होतास. त्या 270 मधलं शून्य तुझ्या लक्षात राहिलं, माझ्या राहिलं ते दुसरं: ते 270 हात म्हणजे देवाच्या फुलबागेचं माप, आणि खाली रोजच्या 50 माळांचा हिशेब. बाग नीट मोजणारे आणि माळा वाहणारे लोक तेच होते. त्यांना दोन्ही जमलं. तुला आज जमत नाहीये, तर जबरदस्तीनं हात जोडू नकोस. ओठ हलवून मन भलतीकडे, त्यापेक्षा तू सरळ सांगितलंस ते मला आवडलं.

माझी काळजी वेगळी आहे. झोपताना रामरक्षा म्हणायचास तेव्हा दिवसभराचं काहीतरी मनातल्या मनात बाहेर पडत असेल. टेस्टमध्ये मार्क कमी पडले, कुणी काही बोललं, आजोबांची आठवण आली. आता ते कुणाला सांगतोस? कोट्यातल्या त्या खोलीत एकट्यानं गिळू नकोस रे. रात्री दोन वाजले तरी फोन कर, मी उचलीन. मला सांगण्यासारखं नसेल तर बाबांना कर, राहुलदादाला कर. हे मात्र मी तुझ्याकडून वचन म्हणून मागते.

तुझा रूम पार्टनर मंगळवारी हनुमानाला जातो, त्याची टिंगल करू नकोस. कोण कशाच्या आधारानं तिथे दिवस काढतंय, आपल्याला दिसत नाही.

आजीला मी काही सांगितलेलं नाही. तिनं विचारलं तर "म्हणतो" असं खोटं बोलू नकोस. ती घाबरेल असं तुला वाटतं, पण तिचे सख्खे भाऊ, अण्णामामा, जे. सी. मिलमध्ये लाल झेंडा घेऊन फिरले आणि जन्मभर देवळाची पायरी चढले नाहीत. दर भाऊबीजेला आजी त्यांना ओवाळायची आणि ते पाटावर बसून मुकाट्यानं ओवाळून घ्यायचे. तेव्हा तुझं ती ऐकून घेईल. दिवाळीत आलास की तूच सांग, मी शेजारी बसेन. लक्ष्मीपूजनाला बसायचं की नाही तेही तेव्हाच ठरव.

तिकीट आत्ताच काढ, नंतर वेटिंग लागतं. आणि चष्म्याचा नंबर खरंच तपासून घे.

तुझी,
आई