रविवारचा आढावा

वेळ साडेनऊ ते पावणेअकरा. आधी जमत नाही, कारण नऊपर्यंत घरात फाफडा-जलेबीचा गोंधळ असतो. उशिरा चालत नाही, कारण अकराला आईंना देवळात सोडायचं असतं. बसायचं जेवणाच्या टेबलाशी, ऑफिसच्या खोलीत नाही. तिथे बसलं की हात आपोआप टॅलीकडे जातो, आणि या सव्वा तासात काम करायचंच नाहीये, फक्त बघायचंय. फोन सायलेंट करून आईंकडे द्यायचा. कोणाचा आला तर ‘ती हिशेबाला बसलीय’ असं त्या सांगतात, तेही अशा आवाजात की समोरचा पुन्हा करत नाही.

आधी गोळाबेरीज, दहा मिनिटं. पर्स उलटी करायची: बिलं, झेरॉक्सच्या पावत्या, रिक्षात बसून चिठोऱ्यावर लिहिलेले नंबर. व्हॉट्सॲपवर तारा लावून ठेवलेले मेसेज. फोनमधले फोटोही, कारण मांडवीचे शेठ खरेदीची बिलं फोटो काढूनच पाठवतात आणि ती लग्नाच्या फोटोंत मिसळतात. सगळं टेबलावर किंवा चोपडीच्या कच्च्या पानावर. आता कशाचाही विचार नाही.

मग इनबॉक्स. तळापासून वर, म्हणजे सगळ्यात जुनं आधी. वरून सुरू केलं तर ताज्या मेलशीच गप्पा होतात आणि जुन्या तशाच कुजतात. मेल उघडली की तिथेच निकाल. दोन मिनिटांत उत्तर होत असेल तर आत्ताच द्यायचं. जास्त वेळ लागणार असेल तर काम चोपडीत उतरवायचं आणि मेल आर्काइव्ह. दुसऱ्याकडून काही यायचं असेल तर ‘वाट’ लेबल. उरलेलं डिलीट. उघडून, वाचून पुन्हा ‘न वाचलेलं’ करायला सक्त बंदी.

ही बंदी उगाच नाही. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या विक्रीच्या आकड्यांची मेल मी अशीच तीनदा ‘न वाचलेली’ केली. त्यांचं जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं विवरणपत्र, चार दिवस उशिरा गेलं. रोजचे पन्नास याप्रमाणे दोनशे रुपये लेट फी, वर थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज. पैसे मी माझ्या खिशातून भरले. रक्कम किरकोळ होती. पण ते गृहस्थ ‘असू दे बेन’ म्हणाले, आणि तेव्हापासून दर महिन्याच्या १८ तारखेला स्वतः फोन करून विचारतात.

इनबॉक्स रिकामा म्हणजे कामं संपली असं नाही. निर्णय संपले, एवढंच. शेवटी हे दोन शोध मारायचे:

```
in:inbox older_than:14d
in:sent newer_than:7d
```

पहिल्यात काहीही दिसता कामा नये. दुसरा जास्त कामाचा: मी आठवडाभरात कोणाला काय काय कबूल केलंय ते त्यात सापडतं. ‘बुधवारपर्यंत कळवते’ हे वाक्य मी फार उदारपणे लिहिते.

याद्या. चोपडीत चार पानं: ऑफिस, घर, वाट, पुढे कधीतरी. झालेल्यावर काट मारायची, नव्यांना जागा. काम क्रियापदासकट लिहायचं. ‘शेठ – बँक’ असं लिहिलं की गुरुवारी मला त्यातून ढिम्म काही कळत नाही. ‘शेठना मेचं बँक स्टेटमेंट मागायचं’ असं लिहिलं की फोन उचलला जातो. ‘वाट’च्या पानावर नाव, काय हवंय आणि कधी मागितलं ती तारीख. आठ दिवस उलटले की सोमवारी आठवण करायची, लाजायचं नाही.

जे काम तीन रविवार जसंच्या तसं पुढे सरकलंय त्याला चौथा रविवार नाही. खोडायचं, दुसऱ्याला द्यायचं किंवा त्याचा पहिला घास लिहायचा. ‘जुन्या फायली आवरणे’ होळीपासून पडून आहे. आज ते खोडून ‘माळ्यावरची दोन खोकी ह्यांच्याकडून खाली काढून घेणे’ असं केलं. त्यावरच मोठ्या अक्षरात: १७-१८ची खोकी रद्दीत द्यायची नाहीत. जीएसटीचे कागद ७२ महिने ठेवायचे, आणि ते महिने वर्ष संपल्यापासून नाही, वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून मोजायचे.

कॅलेंडर. मागचा आठवडा एकदा भरभर, काही राहून गेलंय का एवढ्यासाठी. पुढचे दोन आठवडे सावकाश. मग मोकळे तास मोजायचे, खरे मोकळे. स्वयंपाक, शाळेची ने-आण आणि गिऱ्हाइकांचे फोन वजा करून.

९ ते १४ जून २०२५ चं गणित असं. सोमवारी लेकीची शाळा सुरू, म्हणजे दुपारपर्यंत माझ्याकडून फार अपेक्षा नको. मंगळवारी वटपौर्णिमा, सकाळ वडाखाली जाणार, आणि आमच्या दांडिया बाजारात पूजा अर्ध्या तासात आटोपली तरी गप्पा आटोपत नाहीत. बुधवारी ११ तारीख, मेच्या जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राची, शेवटची. शनिवारी १४, त्या दिवशी २बी, म्हणजे खरेदीवरच्या कराचा तक्ता, पोर्टलवर येतं, मग ३बीची जुळवाजुळव २० पर्यंत. ती पुढच्या रविवारी बघू. हाताशी मोकळे तास चौदा.

आता तीन कामं. तिघांचे मिळून सात तासांच्या वर नकोत. उरलेले सात गिऱ्हाइकं खाणारच आहेत. चौथं सुचलं तर आधी एक काढायचं. आणि तीनही ऑफिसची नकोत, एक घरचं असलंच पाहिजे, नाहीतर घरची यादी दिवाळीपर्यंत कोणी उघडत नाही.

१. मकरपुऱ्याच्या फॅब्रिकेशनवाल्यांचं जीएसटीआर-१ सोमवारी संध्याकाळपर्यंत भरणे. बुधवार मुदत असली तरी माझी मुदत सोमवार: मंगळवार गेलेला आहे आणि शेवटच्या दिवशी पोर्टलवर भरवसा नाही. त्यांच्या दोन बिलांवर समोरच्याचा जीएसटी नंबर चुकलाय, तो आधी फोनवर विचारायचा. तीन तास.

२. शेठच्या ॲडव्हान्स टॅक्सचा आकडा गुरुवारी त्यांच्या हातात देणे. पहिला हप्ता १५ जूनपर्यंत, आणि १५ ला रविवार आहे. वर्षाचा अंदाजे कर २,४०,००० धरला तर १५ टक्क्यांनी ३६,०००. आकडा छोट्या कागदावर, मोठ्या अक्षरात; पीडीएफ ते उघडत नाहीत. अडीच तास, कारण आधी त्यांचं भाड्याचं उत्पन्न पुन्हा विचारायचंय.

३. आईंना शुक्रवारी सकाळी डोळे तपासायला नेणे. एप्रिलपासून त्या ‘होईल गं’ म्हणतायत आणि मी ते ऐकून घेतेय. दीड तास. सोमवारी अकराला फोन करून वेळ घ्यायची.

काढून टाकलेलं चौथं: छपाईवाल्यांची नवी नोंदणी. त्यांना आजच मेसेज केला, ‘काका, २३ तारखेनंतर बसू या.’ त्यांचा अंगठा आला.

तीन ओळी चिठ्ठीवर उतरवून फ्रिजवर, दुधाच्या हिशेबाच्या वर. फोन आईंकडून परत. दोन मिस्ड कॉल, एक त्यांच्याच भाचीचा.