पाथर्डी फाट्याची इमारत: परांची आणि क्रेन काढण्याचं काम

दादा, मुख्य फाइल PHATA_0412.tif. सोबत त्याच ट्रायपॉडवरून घेतलेल्या आणखी पाच फ्रेम आहेत. शेजारच्या साइटवरची टॉवर क्रेन काम करताना फिरत होती, म्हणून मुद्दाम थांबून घेतल्या. तिचा आडवा हात एका फ्रेममध्ये जिथे आहे, तिथे दुसऱ्या फ्रेममध्ये मोकळं आकाश मिळतं. सहाही एकावर एक बसवून मास्क करा. ऊन चढत गेलंय, तेव्हा आधी एक्स्पोजर जुळवून घ्या. क्रेनचा उभा खांब मात्र कुठल्याच फ्रेममध्ये हलत नाही, तो हातानेच काढावा लागेल.

हा खांब पांडवलेण्यांच्या डोंगराच्या कडेला छेदतो. तिथे क्लोन करताना डोंगराचा आकार जराही बदलू नका. ती रेघ नाशिककराच्या डोळ्यात पक्की बसलेली असते. PHATA_0431.tif मध्ये थोडं डावीकडे सरकून घेतलेला मोकळा डोंगर आहे, कडा त्यावरून ताडून पाहा.

आता परांची. उजवीकडच्या दोन गाळ्यांवर, तिसऱ्या ते पाचव्या मजल्यापर्यंत बांबू आणि हिरवी जाळी आहे. डावीकडच्या खिडक्या उचलून बसवता येतील, पण आरशासारख्या उलट्या करू नका. सकाळचं ऊन डावीकडून आहे. खिडकी उलटी केली की छज्जाची सावली चुकीच्या बाजूला पडते आणि चोरी लगेच पकडली जाते. फक्त सरकवा, पर्स्पेक्टिव्ह जुळवा. चौथ्या मजल्याची बाल्कनी इतरांपेक्षा रुंद आहे, तिच्यासाठी आर्किटेक्टचं एलिव्हेशन जोडलंय. रेलिंगच्या गजांची संख्या त्यावरूनच घ्या.

परांची गेली तरी भिंतीवर तिची सावली उरते, ती विसरू नका. बांबूंमागच्या प्लॅस्टरवर जाळीची हिरवी झाकही आहे. जिन्याच्या काचेत क्रेनचं प्रतिबिंब दिसतं, तळमजल्याच्या शोरूमच्या काचेतही बारीकसं. काचेत आकाश आणि डोंगर राहू द्या, अगदी कोरी काच खोटी वाटते.

गच्चीच्या कठड्याला अजून प्रायमरच आहे. क्लायंटने फोनवर 'तेवढं रंगवूनच टाका' असं सुचवलं होतं, मी नाही म्हटलं. अडथळा काढायचा, न झालेलं काम दाखवायचं नाही. हे ब्रोशर बघून लोक पैसे भरणार आहेत. विजेचा खांब, कडुनिंब आणि रिक्षाही जागच्या जागी हव्यात.

प्रत्येक बदल वेगळ्या लेयरवर ठेवा, मूळ लेयरला हात नको. 16 बिट, Adobe RGB मध्ये PSD द्या. ब्रोशरचं पान आडवं A3 आहे, म्हणजे 300 dpi ला 4961 × 3508 पिक्सेल. सोबत वेबसाठी sRGB मध्ये JPEG, रुंदी 2400. आधी परांचीचाच भाग करून बुधवारी स्क्रीनशॉट टाका, तो पाहिल्यावर पुढचं. पूर्ण फाइल शुक्रवारी संध्याकाळी. ठरल्याप्रमाणे 3500 रुपये, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या त्यातच.