मिठाचा सत्याग्रह, 1930 : नकाशा आराखडा कृतिपत्रिका

इयत्ता आठवी, इतिहास. गुण 20, वेळ एक तास. ॲटलास बंद ठेवायचा. पट्टी, पेन्सिल आणि तीन रंगीत खडू जवळ हवेत.

मागच्या दोन तासांत सविनय कायदेभंगाबद्दल जे ऐकलं, तेच इथे कागदावर उतरवायचं आहे. तारखा पाठ असून गाव कुठे आहे ते माहीत नसेल, तर तारीख लगेच विसरते. म्हणून या वेळी प्रश्नोत्तरं कमी आणि नकाशा जास्त.

नकाशात काय छापलं आहे

पाठीमागच्या पानावर अहमदाबादपासून दक्षिण कोकणापर्यंतचा आराखडा आहे. डावीकडे समुद्रकिनारा, उजवीकडे आपला खान्देश. प्रमाण 1 सेमी = 40 किमी. तीन नद्यांच्या नुसत्या रेघा आहेत, त्यांना क, ख, ग अशी अक्षरं दिली आहेत. बारा ठिपक्यांना क्रमांक आहेत. ठिपके दाटीने आले आहेत, म्हणून प्रत्येकातून एक बारीक रेघ समासात काढून तिथे कोरी चौकट ठेवली आहे. चौकटीत वर गावाचं नाव, खाली तारीख किंवा वर्ष. बोरिवलीचा चौकोन तेवढा नावासह छापला आहे, तो पुढे लागेल.

अ. चौकटी भरा (6 गुण)

1. 12 मार्च 1930, बुधवार. गांधीजी 78 सहकाऱ्यांसह इथून निघाले. त्याआधी 2 मार्चला त्यांनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून कायदा मोडणार असल्याचं आधीच कळवलं होतं. शत्रूला आगाऊ सूचना देऊन सुरू झालेली लढाई, हे वर्गात बोललो होतो ते आठवा.

2. सोमवार हा यात्रेचा मुक्कामाचा वार. 17 मार्चचा सोमवार या गावी गेला. आज हे गाव दुधासाठी देशभर माहीत आहे.

3. यात्रा निघण्याआधीच, 7 मार्चला, इथे सरदार पटेलांना अटक झाली. गांधीजी इथे 19 मार्चला पोहोचले. त्याच रात्री पुढे कंकापुऱ्याहून 'क' नदी ओलांडली. थोडं होडीतून आणि उरलेलं चिखल तुडवत, तेही मध्यरात्री. साठ वर्षांचा माणूस होता, हे लक्षात घ्या.

4. 22 मार्च. वाट इथे किनाऱ्याकडे, म्हणजे पश्चिमेला वळलेली दिसते.

5. 26 मार्च. इथून 'ख' नदी होडीने ओलांडून अंकलेश्वरला.

6. 1 एप्रिल. 'ग' नदीकाठचं मोठं शहर. ही नदी तुम्हाला कुणी सांगायला नको. भुसावळला आणि प्रकाशाला जी भेटते तीच ही.

7. 5 एप्रिलला पोहोचले, 6 एप्रिलला सकाळी मीठ उचललं. चौकटीत दोन्ही तारखा लिहा.

8. 21 मे. सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली मिठागरावर सत्याग्रही रांगेने पुढे गेले आणि लाठ्या खात राहिले. ठिपका 7 च्या दक्षिणेला.

9. 12 मे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा मिठाचा सत्याग्रह. नकाशात सगळ्यात खालचा ठिपका.

10. 5 मे. गांधीजींना ठेवलेला तुरुंग, पुण्याजवळ.

11. साने गुरुजींनी 1930 मध्ये या गावातली शाळेची नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. ही चौकट कोरी राहिली तर घरी सांगू नका.

12. या शहरातल्या तुरुंगात 1932 मध्ये, 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. ठिपका 11 याला जवळजवळ चिकटला आहे; समासातली रेघ नीट बघून लिहा.

आ. नद्या (3 गुण)

क, ख, ग या रेघांवर नावं लिहा. 'ग' कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला वाहते, ते एका बाणाने दाखवा.

इ. वाटा काढा (3 गुण)

लाल: 1 ते 7, क्रमाने, सलग रेघ. पट्टी वापरू नका, ही माणसं गावागावांतून चालत गेली.
निळा: 4 मेच्या मध्यरात्रीनंतर दांडीजवळ कराडीला गांधीजींना अटक झाली. रेल्वेने बोरिवली, तिथून मोटारीने ठिपका 10. कराडीचा वेगळा ठिपका दिलेला नाही, सुरुवात 7 पासून करा. रेल्वेचा भाग तुटक, मोटारीचा सलग.
हिरवा: साने गुरुजींचा तुरुंगप्रवास. 11 ते 12, आणि तिथून तिरुचिरापल्ली. ते आराखड्यात मावत नाही, म्हणून 12 पासून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे बाण काढून कागदाच्या कडेवर नाव लिहा.

कोपऱ्यात तिन्ही रंगांची सूची हवीच. सूची नसेल तर या भागाचा एक गुण जाईल.

ई. नकाशा बघूनच उत्तर द्या (8 गुण)

1. ठिपका 1 ते 7 सरळ अंतर पट्टीने मोजा आणि किलोमीटरमध्ये लिहा. प्रत्यक्ष चाल सुमारे 385 किमी झाली. फरक का पडला? (2)
2. यात्रेत 12 मार्च ते 5 एप्रिल किती सोमवार आले? तारखा लिहा. (1)
3. ठिपका 7 वर पट्टी आडवी, वरच्या कडेला समांतर धरा. उजवीकडे ती कोणत्या ठिपक्यावरून जाते? दोघांमधलं अंतर किती? (2)
4. चौकट 12 मधल्या दोन तारखा धरून रविवार मोजा. गीतेच्या अध्यायांशी तो आकडा जुळतो का? (1)
5. खान्देशाला समुद्र नाही, मीठ करायची सोय नाही. अशा भागांतले लोक या चळवळीत काय करू शकत होते? दोन मार्ग लिहा. (2)

उत्तरसूची (शिक्षकांकडे ठेवायची)

चौकटी: 1 साबरमती आश्रम, 2 आणंद, 3 रास, 4 जंबुसर, 5 भरूच, 6 सुरत, 7 दांडी, 8 धारासना, 9 शिरोडा, 10 येरवडा, 11 अमळनेर, 12 धुळे. नाव आणि तारीख दोन्ही बरोबर असेल तर अर्धा गुण. चौकट 1 मध्ये नुसतं 'अहमदाबाद' आलं तरी चालेल.

नद्या: क मही, ख नर्मदा, ग तापी. तापीचा बाण पूर्वेकडून पश्चिमेकडे. नर्मदा आणि तापीची अदलाबदल हमखास होते. गुण कापा, पण भरूच आणि सुरतवर बोट ठेवून दाखवा.

ई-1: साधारण 6 सेमी, म्हणजे 240 किमी. वाट आधी पूर्वेला आणंदकडे, मग पश्चिमेला जंबुसरकडे वळते. गावोगावी सभा घेत जायचं होतं. यांपैकी एक कारण आलं तरी पुरे. ई-2: तीन, 17, 24 आणि 31 मार्च. ई-3: धुळे, साधारण 5 सेमी, म्हणजे 200 किमी. दोन्ही ठिकाणं जवळपास एकाच अक्षांशावर, 20.9 अंश उत्तर. मुलांना हे खरं वाटत नाही, पट्टी त्यांच्याच हातात द्या. ई-4: 18 रविवार, 18 अध्याय, जुळतो. ई-5: जंगल सत्याग्रह, दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं, परदेशी कापडावर बहिष्कार, सारा न भरणं. चिरनेर किंवा बिळाशीचं नाव कुणी लिहिलं तर शेजारी शाबासकी लिहा. 'समुद्रावर जाऊन मीठ आणलं' या उत्तरालाही एक गुण द्यायला हरकत नाही.